शाळेतील एकाच दुर्घटनेचे दोन अहवाल

शाळेत एखादी दुर्घटना घडली म्हणजे दोन दिवसांच्या आत मुख्याध्यापकांकडून अहवाल येतो. गेली काही वर्षे असे अहवाल माझ्या टेबलावरून पुढे जात आहेत. त्यांपैकी बहुतेकांत एक गोष्ट समान आढळते. काय घडले हे वरिष्ठांस कळवावे आणि ते का घडले हे आपण समजून घ्यावे, ही दोन्ही कामे लेखक एकाच कागदावर उरकू पाहतो. परिणामी वरिष्ठांस हवी असलेली माहिती खुलाशांच्या गर्दीत हरवते आणि शाळेला जे शिकावयाचे ते ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ या एका वाक्यात गुंडाळले जाते. वास्तविक ही दोन निराळी लेखने आहेत. त्यांचा वाचक निराळा, प्रश्न निराळा व लिहावयाची वेळही निराळी. दोहोंत समान असावयाचे ते एकच, आणि ते म्हणजे घडलेल्या गोष्टींची हकीकत.

ही फारकत विमानवाहतुकीच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून पाळली जाते. १९४४ च्या शिकागो करारास अपघाताच्या तपासासंबंधी जोडलेले तेरावे परिशिष्ट १९५१ साली स्वीकारले गेले. पुन्हा तसा अपघात होऊ नये एवढाच तपासाचा हेतू असून दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे, असे त्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. दोष ठरविण्याचे काम न्यायालय व शासन स्वतंत्रपणे करतात. आपल्या खेड्यातील शाळेत विमान उतरत नाही. परंतु पन्नास-साठ मुलांचे जेवण दररोज शिजते, आणि हा भेद समजण्यास त्याचे उदाहरण पुरेसे आहे. खाली दिलेला प्रसंग कोणत्याही एका शाळेचा नाही. वेगवेगळ्या ठिकाणी पाहण्यात आलेल्या गोष्टी एकत्र करून तो नमुन्यादाखल रचला आहे.

पहिली ते पाचवीची दोन शिक्षकी शाळा. पट ५८. गुरुवारी ५४ मुले हजर होती. प्रत्येकी १०० ग्रॅम या प्रमाणाने ५ किलो ४०० ग्रॅम तांदूळ व त्याला लागणारी मूगडाळ काढून खिचडी शिजविण्यात आली. एरवी खिचडी साडेबाराच्या सुमारास तयार होते व एक वाजता मुले जेवतात. त्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बचतगटाच्या कामासाठी तालुक्याच्या बँकेत जावयाचे होते, म्हणून त्या लवकर आल्या आणि सव्वादहालाच स्वयंपाक आटोपून, वाढण्याचे काम मदतनीस बाईंवर सोपवून गेल्या. शाळेत आल्याबरोबर, दहा वाजून चाळीस मिनिटांनी, उपशिक्षिकेने खिचडीची चव घेतली व नोंदवहीत ‘चव चांगली’ असे लिहून सही केली. त्याच दिवशी केंद्रातील कबड्डीचे सामने या शाळेच्या मैदानावर होते. ते लांबले. मुले जेवावयास बसली तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. ४९ मुलांनी खिचडी खाल्ली. पाच मुले घरी जेवून आली. चार वाजून पाच मिनिटांनी तिसरीतील एका मुलाला उलटी झाली. सव्वापाचपर्यंत अशा मुलांची संख्या अकरा झाली आणि मदतनीस बाईंनाही उलटी झाली. ताप कोणालाच नव्हता. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यात आले. चार मुलांना रात्रभर ठेवून घेतले व दुसऱ्या दिवशी सर्वजण घरी परतले.

आता मुख्याध्यापकांनी प्रथम काय लिहावे?

वरिष्ठांसाठीचा अहवाल हा वास्तविक दूरध्वनीवरील पहिल्या वाक्यापासूनच सुरू होतो, आणि त्याचा पहिला वाचक गटशिक्षणाधिकारी नसून आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी असतो. त्यास तीन गोष्टी हव्या असतात : काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि त्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला. या वेळेवरून वैद्य बरेच ताडू शकतो. काही मिनिटांत त्रास सुरू झाला तर रासायनिक विषाची शंका प्रथम घ्यावी लागते. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात जंतूंनी आधीच तयार केलेल्या विषाची. त्याहून उशीर झाला तर पोटात गेलेल्या जंतूंच्या संसर्गाची. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. तेथील अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. अशा विषावर विशिष्ट उतारा असतो आणि तो मिळण्यास होणारा उशीर जिवावर बेततो. म्हणून ‘मुलांना किरकोळ त्रास झाला आहे’ असा दिलासा देणारा निरोप वैद्यास पाठविणे हा सौजन्याचा भाग नसून घातक प्रकार होय. घड्याळातील वेळा सांगाव्यात व निष्कर्ष त्याच्यावर सोपवावा.

त्याच संध्याकाळी लेखी अहवाल जावयाचा. मुदतीसंबंधी आपल्या जिल्ह्याचा जो आदेश असेल तो पाळावा. परंतु अपुऱ्या माहितीमुळे अहवाल अडवून धरू नये. तो टप्प्याटप्प्याने पाठविता येतो. पहिल्या टप्प्यातील मजकूर साधारण असा असावा :

“गुरुवार दि. … रोजी दुपारी २.३५ ते ३.०० या वेळेत ४९ विद्यार्थ्यांनी शालेय पोषण आहारातील मूगडाळ खिचडी खाल्ली. ४.०५ वाजता इयत्ता तिसरीतील एका विद्यार्थ्यास उलटी झाली. ५.१५ पर्यंत ११ विद्यार्थी व मदतनीस यांस उलटी व पोटदुखी झाली. ताप आढळला नाही. आहार न घेतलेल्या ५ विद्यार्थ्यांस त्रास नाही. आहार सकाळी १०.१५ वाजता शिजवून तयार झाला, असे मदतनीस यांनी सांगितले. चव उपशिक्षिकेने १०.४० वाजता घेतली, असे त्या व मदतनीस दोघी सांगतात. नोंदवहीत वेळ लिहिलेली नाही. चव घेणाऱ्या उपशिक्षिकेस त्रास झालेला नाही. उरलेली खिचडी स्वच्छ डब्यात झाकून थंड पेटीत ठेवली आहे. भांडे धुतलेले नाही. विद्यार्थ्यांची यादी स्वतंत्र बंद पाकिटात सोबत जोडली आहे. कारण अद्याप निश्चित नाही.”

या मजकुराकडे थोडे बारकाईने पाहावे. त्यात ‘बहुधा’ हा शब्द एकदाही आलेला नाही. जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे ऐकले ते कोणी सांगितले याच्या उल्लेखासह दिले आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाई लवकर का आल्या याचा त्यात खुलासा नाही, कारण वरिष्ठांचा त्या संध्याकाळचा प्रश्न तो नव्हे. मुले सुरक्षित आहेत काय, आणखी कोणास धोका आहे काय, पुरावा जपला आहे काय, शाळेने आपले कर्तव्य केले काय आणि आता कोणाची मदत हवी, एवढे त्यांस समजून घ्यावयाचे असते. त्यांना यावरून पुढे कृती करावयाची असते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास पाठवावयाचे, त्याच तांदळाची पोती इतर शाळांत गेली असल्यास वापर थांबवावयाचा, पालकांस काय सांगावयाचे ते ठरवावयाचे.

सर्वांत अवघड वाक्य चव घेतल्यासंबंधीचे आहे. आहार वाढण्यापूर्वी शिक्षकासह दोन-तीन प्रौढ व्यक्तींनी तो चाखून पाहावा, असे मार्गदर्शक सूचनांत आहे. अशा प्रसंगी अनेक अहवालांत मी ‘नियमानुसार चव घेऊन आहार वाटप करण्यात आला’ हे वाक्य वाचतो. आपल्या उदाहरणात हे वाक्य शब्दशः बरेचसे खरे ठरेल. चव घेतली होती, सही आहे, आणि ती वाढण्यापूर्वीचीच आहे. तथापि या वाक्यात चव आणि वाढप यांमधील जवळजवळ चार तास नाहीसे झाले आहेत. वाचणारा अधिकारी असे समजेल की चव घेतली आणि लगेच मुले जेवली. एकाच व्यक्तीने चव घेतली होती हेही त्यात झाकले गेले आहे. शाळेला गैरसोयीची असलेली वेळ वरिष्ठांच्या अहवालातून गाळली म्हणजे तो संक्षेप होत नाही. ती दिशाभूल होते. आणि पुढे ती उघडकीस आली म्हणजे, मूळ चूक क्षम्य असली तरी, लपविण्याचा दोष क्षम्य राहत नाही.

उलट बाजूचा दोष असाही आढळतो की भांबावलेला मुख्याध्यापक पहिल्याच अहवालात ‘स्वयंपाकी बाईंच्या निष्काळजीपणामुळे विषबाधा झाली’ असे लिहून मोकळा होतो. त्या वेळी अन्नाची तपासणी झालेली नसते, बाईंचे म्हणणे ऐकलेले नसते. इतकेच नव्हे, तर ती विषबाधाच होती हेही वैद्याने म्हटलेले नसते. एकदा कारण लिहिले म्हणजे पुढचा प्रत्येकजण त्याच कारणाच्या शोधात निघतो. बाईंना कमी केले जाते, नवीन बाई येतात, आणि नोंदवही, घड्याळ व भांडे ही जशीच्या तशी राहतात.

आता दुसऱ्या लेखनाकडे वळू. त्याचा वाचक स्वतः शाळाच आहे : आजचे शिक्षक, स्वयंपाक करणाऱ्या बाई, आणि पुढल्या जूनमध्ये बदलून येणारे नवे गुरुजी. प्रश्नही वेगळा. ‘कोणी काय केले?’ हे पहिल्या अहवालाने सांगितले. येथे विचारावयाचे ते असे, की त्या त्या माणसाला त्या त्या क्षणी तसे करणे योग्य का वाटले? घटना घडून गेल्यावर सर्वांनाच सर्व कळते. चार तासांपूर्वीची खिचडी मुलांना वाढणे चूक, हे शुक्रवारी सकाळी कोणीही सांगेल. पण गुरुवारी दुपारी अडीच वाजता, भुकेल्या पन्नास मुलांसमोर, मदतनीस बाईंना काय माहीत होते व काय माहीत नव्हते, हे समजल्याखेरीज पुढच्या वेळी काय बदलावयाचे ते सापडत नाही.

ही बैठक घटनेच्या दिवशी घेऊ नये. त्या वेळी मने भयभीत असतात. फार लांबणीवरही टाकू नये, कारण आठवणी एकमेकींत मिसळू लागतात. मुले परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, शाळा सुटल्यानंतर तासभर बसावे. दोन्ही शिक्षक, स्वयंपाक करणाऱ्या बाई, मदतनीस बाई आणि शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक एवढे पुरेत. मी स्वतः अशा बैठकीस जात नाही. ज्याच्या लेखणीवर इतरांची बदली, वेतनवाढ वा मानधन अवलंबून असते, तो खोलीत असताना माणसे पहिल्या अहवालाचीच भाषा बोलतात, असा माझा अनुभव आहे.

बैठकीच्या आरंभी मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगावयास हव्यात. पहिली ही, की येथे कोणाचा दोष ठरवावयाचा नाही व लिहिताना नावे न घालता ‘उपशिक्षिका’, ‘मदतनीस’ असे कामावरून उल्लेख होतील. दुसरी गोष्ट बहुधा सांगितली जात नाही आणि तेथेच पुढे विश्वासघात होतो. ती अशी, की मुलांच्या जिवाशी वा चालू तपासाशी संबंध असलेली एखादी नवी हकीकत येथे निघाली, तर ती वरिष्ठांस कळवावी लागेल. मन मोकळे करावयास सांगावयाचे आणि मग ऐकलेले वर पाठवावयाचे, हे आगाऊ न सांगता केले तर पुढील दहा वर्षे त्या शाळेत कोणी काही बोलणार नाही.

फळ्यावर सकाळी नऊपासून सायंकाळी सहापर्यंतची वेळरेषा काढावी आणि प्रत्येकाने आपल्याला त्या वेळी काय ठाऊक होते ते सांगावे. आपल्या उदाहरणात असे निघाले. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी लवकर जावयाचे असल्याचे मंगळवारीच उपशिक्षिकेस सांगितले होते. जेवण अजिबात न शिजण्यापेक्षा लवकर शिजलेले बरे, असे दोघींना वाटले. त्यात गैर काही नव्हते, कारण जेवण एक वाजताच होईल अशी दोघींची समजूत होती. सामने लांबत आहेत व मधली सुट्टी पुढे ढकलावी, हा निरोप मुख्याध्यापकांस साडेअकरा वाजता दूरध्वनीवरून मिळाला. त्यांनी तो वर्गांना व पंचांना सांगितला. स्वयंपाकघरात सांगितला नाही, कारण स्वयंपाक सव्वादहालाच आटोपला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या कल्पनेप्रमाणे खिचडी अजून शिजावयाची होती. गॅस वाचविण्यासाठी पातेले चुलीवरून उतरवून झाकून ठेवण्याची रीत तर रोजचीच होती.

एवढ्या खिचडीचे पातेले वरून निवलेले दिसले तरी आत कित्येक तास कोमट राहते. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू सामान्यतः असतात. ते शिजविल्याने मरत नाहीत. अन्न वाफाळते राहिले, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर, तर ते वाढत नाहीत; कोमट अन्नात मात्र ते रुजतात, वाढतात व विष तयार करतात. त्या विषाला वास नाही, चव नाही, आणि पुन्हा उकळल्यानेही ते जात नाही. चव घेणाऱ्या उपशिक्षिकेस काही झाले नाही व मदतनीस बाईंना झाले, ही बाब या तर्काशी जुळते. अर्थात एका चमचाभर खिचडीने त्रास झाला नाही यावरून फार सिद्ध होत नाही, हेही त्याच ओळीत लिहावे. वरिष्ठांच्या अहवालात असा तर्क नसावा. शाळेच्या अहवालात तो ‘तर्क’ असे स्पष्ट म्हणून अवश्य यावा. कारण कोणता बदल करावा हे ठरविण्यास शाळेला प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट पाहत बसता येत नाही. उद्या पुन्हा खिचडी शिजावयाची असते.

बैठक संपत आली तेव्हा मुख्याध्यापकांनी मदतनीस बाईंना विचारले, “बाई, तुम्ही पातेले उघडले तेव्हा खिचडी कशी होती?” बाई म्हणाल्या, “घट्ट झाली होती गुरुजी, डाव चालेना. मी पिंपातलं तांब्याभर पाणी घातलं न् हलवून वाढली.”

गुरुवारी हे कोणी त्यांना विचारलेच नव्हते. त्या दिवशी सर्वांचा प्रश्न होता ‘खिचडी कोणी शिजवली?’, आणि शिजविली तर दुसऱ्या बाईंनी होती. आता संशयित दोन झाले : कोमट राहिलेली खिचडी आणि पिंपातील पाणी. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने खिचडीचा नमुना नेला होता. पाण्याचा नेला नव्हता. तेच पाणी मुले रोज पितात.

दोन अहवालांच्या संबंधाची खरी कसोटी येथे लागते. हे वाक्य शाळेच्या वहीतच ठेवावे, असा मोह होईल. बाईंनी विश्वासाने सांगितले, वरिष्ठांचा अहवाल तर गेला, आता कशाला उकरून काढा, असे कोणी म्हणेल. परंतु ही हकीकत आहे, तर्क नव्हे, आणि तिचा मुलांच्या सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. ती त्याच दिवशी पुरवणी अहवालाने गेली पाहिजे : “वाढण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याच्या पिंपातील सुमारे एक तांब्या पाणी खिचडीत मिसळण्यात आले, असे मदतनीस यांनी आज सांगितले. पिंपाचा वापर थांबविला आहे. पाण्याचा नमुना घेण्याची विनंती आहे.” एवढेच. घट्ट खिचडीत पाणी घालावे लागले कारण ती चार तास पडून होती, आणि ती पडून होती कारण निरोप स्वयंपाकघरापर्यंत गेला नाही, ही साखळी शाळेच्या अहवालाची आहे. पुरवणीत बाईंविरुद्ध एक शब्दही नाही. तथापि काही लपविलेलेही नाही. बैठकीच्या आरंभी तसे सांगितलेले असल्याने बाईंनाही तो दगा वाटणार नाही.

मी दोन्ही अहवाल तपासताना ते शेजारी शेजारी ठेवतो व केवळ वेळा वाचतो. शाळेच्या अहवालात असलेली, मुलांच्या जिवाशी संबंध असलेली प्रत्येक हकीकत वरिष्ठांच्या अहवालात वा त्याच्या पुरवणीत सापडली पाहिजे. याच्या उलट अपेक्षा नाही. मुलांची नावे, पाकिटातील यादी, कोणत्या अधिकाऱ्यास किती वाजता दूरध्वनी केला याच्या नोंदी शाळेच्या अहवालात नसल्या तरी चालतात. दोहोंत एखादी वेळ वेगळी आढळली तर कोठेतरी स्मरणाचा घोटाळा आहे किंवा कोणीतरी सावरासावर केली आहे, हे उघड होते.

काही शिक्षकबंधू विचारतात, की शाळेचा अहवाल गोपनीय असतो काय? अंतर्गत म्हणजे गुप्त, असा समज करून घेऊ नये. जिल्हा परिषदेची शाळा माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याच्या कक्षेत येते; कागदाची मागणी होऊ शकते व न्यायालयही तो मागवू शकते. म्हणून त्यातही असे काही लिहू नये की जे उघड झाल्यास आपण नाकारू. नावांऐवजी कामावरून उल्लेख करण्याचे एक कारण तेही आहे.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवावी. जेथे हेतुपुरस्सर कृत्याचा संशय आहे, तेथे शाळेने आधी आपली बैठक घेऊन पोलिसांच्या तपासात ढवळाढवळ करू नये. साक्षीदारांनी एकत्र बसून आठवणी जुळविल्या म्हणजे साक्ष बिघडते. बालकावरील लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यातील कलम १९ प्रमाणे ती माहिती पोलिसांस देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे व न देणे हा गुन्हा आहे. तेथे ‘आपण आधी आपापसांत पाहू’ ही भाषा चालत नाही. मुलाला वारंवार प्रश्न विचारू नयेत, त्याची ओळख कोठेही उघड करू नये. प्रवेशद्वार कोण सांभाळतो, प्रसाधनगृहाकडे कोणाचे लक्ष असते, यांसारख्या व्यवस्थेविषयीचे शिकणे त्यानंतर, तपास अधिकाऱ्यांशी बोलून करावे.

पुन्हा आपल्या उदाहरणाकडे वळू. शाळेच्या अहवालाचा शेवट बदलांनी व्हावा, आणि बदल असा असावा की जूनमध्ये आलेल्या नव्या शिक्षकास कोणी न सांगताही तो करता येईल. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ हा बदल नव्हे. त्याने सोमवारी कोणाचेही काम बदलत नाही. या शाळेने चव नोंदवहीत तीन नवे रकाने आखले : शिजवून तयार झाल्याची वेळ, चव घेतल्याची वेळ आणि वाढण्यास प्रारंभ केल्याची वेळ. चव वाढण्याच्या ऐन आधी, शिक्षकासह किमान दोघांनी घ्यावयाची. मधल्या सुट्टीची वेळ बदलली तर पहिला निरोप स्वयंपाकघरात जावयाचा, आणि तो देण्याचे काम निरोप ज्याला मिळेल त्याचे. शिजलेले अन्न वाढण्यास उशीर होणार असेल तर पातेले मंद आचेवर वाफाळते ठेवावयाचे. तसे न ठेवता दोन तास उलटले तर ते अन्न वाढावयाचे नाही, पुन्हा उकळूनही नाही. मुलांना केळी वा शेंगदाणे-गूळ द्यावयाचा. खिचडी सैल करावयाची असेल तर उकळते पाणीच घालावयाचे. शेवटच्या दोन गोष्टी मदतनीस बाईंनीच सुचविल्या.

गॅस थोडा अधिक लागेल, हा हिशेबही त्याच पानावर लिहिला आहे. तो लिहिला नसता तर महिन्याभरात कोणीतरी काटकसरीच्या सद्हेतूने पातेले पुन्हा चुलीवरून उतरविले असते.

तपासणीचे निकाल काही आठवड्यांनी आले. पाणी पिण्यायोग्य निघाले. खिचडीच्या नमुन्यावरून निश्चित मत देता येत नाही, असे उत्तर आले. भांड्याच्या तळातून काढलेला व प्रवासात तापलेला नमुना असला म्हणजे असे पुष्कळदा घडते. वरिष्ठांच्या दप्तरात ते प्रकरण ‘कारण अनिश्चित’ या शेऱ्याने बंद झाले आणि तो शेरा योग्यच आहे. जे सिद्ध झाले नाही ते तेथे लिहावयाचे नसते. शाळेच्या वहीत निकालाची तारीख घालून एवढीच ओळ जोडण्यात आली : “पाणी निर्दोष. खिचडीबाबतचा आमचा तर्क सिद्ध झालेला नाही, खोटाही ठरलेला नाही. रकाने चालू ठेवावेत.” त्यानंतरच्या महिन्यात एका दिवशी पहिल्या रकान्यात १२.२०, तिसऱ्या रकान्यात रेघ, आणि शेऱ्यात ‘सभेमुळे उशीर, केळी दिली’ अशी नोंद आहे. त्या दिवशी मुख्याध्यापक रजेवर होते. नोंद उपशिक्षिकेच्या हातची आहे.